पुन्हा तीच पोस्ट नको : कॅप्शनमधलं साम्य मोजायचं कसं

आंब्याच्या हंगामात पुण्यातल्या एखाद्या हापूस विक्रेत्याचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुकचं पान डोळ्यांसमोर आणा. त्यावर रोज एक-दोन पोस्ट पडतात, पण त्या रोज लिहिल्या जात नाहीत. रविवारी कुणीतरी बसून आठवड्याभराची कॅप्शनं लिहितं, फोटो जोडतं, वेळा ठरवून देतं आणि त्या पोस्टची रांग तयार होते. पुढचं काम यंत्र करतं. कधी कॅप्शन मालक लिहितो, कधी त्याची मुलगी, कधी दुकानातला मदतनीस. आधीच्या आठवड्यात काय गेलं हे प्रत्येकाला आठवत नाही. घाई असली की जुनं कॅप्शन उचलून त्यात दोन शब्द बदलले जातात. महिन्याभरात पान वाचणाऱ्याला वाटू लागतं की इथे नवं काही नाही. तो तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वेळी थांबत नाही.

अगदी अक्षरशः तेच कॅप्शन दोनदा आलं तर ते पकडणं सोपं आहे. दोन मजकूर सारखे आहेत का, एवढंच संगणकाला विचारायचं. पण एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर होतात. खरा त्रास असतो तो जवळपास सारख्या कॅप्शनांचा. ती पकडण्याची पद्धत फार अवघड नाही, मात्र इंग्रजीसाठी घडवलेली कृती मराठीवर जशीच्या तशी लावली तर ती चुकीच्या पोस्टवर बोट ठेवते. हे नेमकं कसं होतं ते एका उदाहरणावर पाहू.

विक्रेत्याच्या पानावर गेल्या आठवड्यात हे कॅप्शन गेलं आहे असं समजा :

(क) देवगड हापूसची पहिली पेटी आज पुण्यात आली. बुकिंगसाठी फोन करा.

आता रांगेत ही चार कॅप्शनं उभी आहेत :

(ख) आज पुण्यात आली देवगड हापूसची पहिली पेटी! बुकिंगसाठी फोन करा.

(ग) रत्नागिरी हापूसची दुसरी पेटी उद्या मुंबईत येणार. बुकिंगसाठी फोन करा.

(घ) देवगडच्या हापूसच्या पहिल्या पेट्या पुण्यात आल्या. बुकिंगसाठी फोन करा.

(च) यंदाचा पहिला देवगड आंबा दाखल! बुकिंगसाठी फोन करा.

मराठी वाचणारा कुणीही क्षणात सांगेल की ख, घ आणि च ही क-चीच रूपं आहेत. ग मात्र वेगळी बातमी देतं. तिथे गाव वेगळं, शहर वेगळं, दिवसही वेगळा आहे. यंत्राकडून हाच निवाडा मिळवायचा आहे.

आधी मजकूर धुऊन घ्या

तुलना करण्याआधी प्रत्येक कॅप्शनची एक साफ प्रत काढायची. मूळ कॅप्शनला हात लावायचा नाही, ही प्रत फक्त मोजण्यासाठी. तिच्यातून विरामचिन्हं, इमोजी आणि हॅशटॅग काढून टाकायचे. कुणी '१०' लिहितं, कुणी '10', म्हणून आकडे एकाच लिपीत आणायचे.

देवनागरीत एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या' हा शब्द टाइप करण्याच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड त्यातल्या अर्ध्या र-साठी युनिकोडमधला 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण वापरतात. काही कीबोर्ड साधा 'र', त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण संगणकाने साठवलेली चिन्हं वेगळी असतात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण करूनही हा फरक जात नाही. दुसरी रीत शोधून ती पहिल्या रीतीत बदलण्याचा नियम स्वतः घालावा लागतो. दोन माणसं दोन फोनवरून लिहीत असतील तर या नियमावाचून निम्मी जुळी कॅप्शनं निसटू शकतात.

सफाईतला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. 'बुकिंगसाठी फोन करा' ही शेपटी प्रत्येक पोस्टला आहे. पत्ता, फोन नंबर, दुकानाचं नाव हेही असंच चिकटलेलं असतं. ते ठेवलं तर पानावरची प्रत्येक पोस्ट प्रत्येक पोस्टसारखी वाटू लागते. म्हणून जुन्या नोंदीतून वारंवार येणारी वाक्यं शोधायची आणि मोजणीतून वगळायची. एखादं वाक्य, समजा, दर तीन कॅप्शनांपैकी एकात येत असेल तर ते वाचकाला काही नवं सांगत नाही, मग त्याने साम्याच्या हिशोबात तरी का यावं?

एका वनस्पतिशास्त्रज्ञाचं माप

साम्य मोजण्याचं सर्वांत सुटसुटीत माप स्वित्झर्लंडच्या पॉल जकार यांच्या नावाने ओळखलं जातं. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आल्प्स पर्वतातल्या दोन जागांची वनसंपदा किती सारखी आहे हे त्यांना मोजायचं होतं. १९०१च्या सुमारास त्यांनी मांडलेली रीत अशी : दोन्ही ठिकाणी मिळणाऱ्या जाती मोजा आणि त्या संख्येला दोन्ही ठिकाणच्या मिळून एकूण जातींनी भागा. सगळ्या जाती सामाईक असतील तर उत्तर १, एकही नसेल तर ०. जातींच्या जागी शब्द ठेवले की हेच माप मजकुराला लागू होतं. वेबवरची एकसारखी पानं शोधण्यासाठी आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या काळात जे काम केलं, त्याच्या मुळाशीही हेच गुणोत्तर होतं. त्यांच्यापुढे तीन कोटी पानं होती, त्यामुळे प्रत्येक पानाचा छोटा ठसा काढून ठसेच ताडून पाहण्याची युक्ती त्यांना शोधावी लागली. आपल्या विक्रेत्याकडे हजारभर जुनी कॅप्शनं असतील. एक नवं कॅप्शन हजारांशी ताडायला साध्या लॅपटॉपलाही पापणी लवेपर्यंतचा वेळ पुरतो, तेव्हा ठशांची गरज नाही.

आता मोजू. आधी शेपटी ठेवून. क आणि ग या दोघांत प्रत्येकी दहा शब्द आहेत. 'हापूसची', 'पेटी', 'बुकिंगसाठी', 'फोन', 'करा' हे पाच सामाईक. दोघांत मिळून वेगवेगळे शब्द पंधरा. पाच भागिले पंधरा, म्हणजे ०.३३. दोन वेगळ्या बातम्यांसाठी हे साम्य बरंच झालं आणि त्यातला मोठा वाटा शेपटीचा आहे. शेपटी काढली की सामाईक शब्द दोनच उरतात, एकूण बारा, आणि साम्य ०.१७वर येतं. ते पटण्यासारखं आहे.

क आणि ख यांचे शब्द तेच आहेत, फक्त क्रम उलटापालटा झाला आहे. शब्द मोजले तर साम्य पूर्ण १. ब्रोडर यांच्या पद्धतीत मात्र सुटे शब्द न घेता लागोपाठच्या शब्दांचे तुकडे घेतात. दोन-दोन शब्दांच्या जोड्या घेतल्या तर प्रत्येक कॅप्शनमध्ये सहा जोड्या होतात. त्यांतल्या पाच सामाईक, एकूण सात, आणि साम्य ०.७१. लांब लेखांसाठी जोड्या उपयोगी पडतात, कारण मोठ्या लेखांत सामान्य शब्द आपोआपच खूप जुळतात. पण मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद हवं तसं फिरवता येतं आणि अर्थ हलत नाही. सात शब्दांच्या कॅप्शनमध्ये क्रमाला एवढं वजन देणं म्हणजे जुळ्यांना सुटायला वाट करून देणं.

मराठीचे प्रत्यय इथे आडवे येतात

आता क आणि घ. माणसाच्या नजरेला हे एकच कॅप्शन आहे, फक्त एका पेटीच्या पेट्या झाल्या. पण शब्द मोजायला बसलो की 'देवगड' आणि 'देवगडच्या' वेगळे, 'हापूसची' आणि 'हापूसच्या' वेगळे, 'पहिली' आणि 'पहिल्या' वेगळे, 'पेटी' आणि 'पेट्या' वेगळे. सामाईक शब्द उरतो एकच, 'पुण्यात'. एकूण शब्द बारा, साम्य ०.०८.

म्हणजे ज्याला अडवायला हवं ते घ ०.०८वर आणि ज्याला जाऊ द्यायला हवं ते ग ०.१७वर. कट-ऑफ कुठेही ठेवा, घ-ला अडवायला गेलात की ग आधी अडकणार. मापातच दोष असेल तर कट-ऑफ वरखाली करून काही साधत नाही.

इंग्रजीत शब्दाचं रूप फारसं बदलत नाही, म्हणून तिथे शब्द मोजून भागतं. मराठीत विभक्ती, वचन आणि सामान्यरूप शब्दाचा शेवट सतत बदलत राहतात. तरी शब्दाचा पुढचा भाग बहुधा टिकतो. म्हणून शब्दांऐवजी शब्दांच्या आतले छोटे तुकडे मोजायचे. तीन-तीन चिन्हांचे तुकडे यासाठी चांगले चालतात. इथे अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी एक स्वतंत्र चिन्ह धरायचं, कारण युनिकोड ते तसंच साठवतं. 'पेटी'मध्ये प, मात्रा, ट आणि वेलांटी अशी चार चिन्हं आहेत. त्यांतून दोन तुकडे निघतात, पहिल्या तीन चिन्हांचा आणि शेवटच्या तीन चिन्हांचा. 'पेट्या'चाही पहिला तुकडा 'पेट' हाच निघतो, आणि इथेच दोघांचं नातं यंत्राला दिसतं.

शेपटीशिवायच्या क-मधून असे १९ वेगवेगळे तुकडे निघतात, घ-मधून २४. त्यांतले १५ सामाईक आहेत आणि एकूण वेगळे २८. साम्य ०.५४. ग-मधून २७ तुकडे निघतात, त्यांतले ८ क-शी जुळतात, एकूण ३८. साम्य ०.२१. क्रम सुधारला. जे खरोखर जुळं आहे ते वर गेलं, परकं ते खाली राहिलं, आणि मधे कट-ऑफ ठेवायला मोकळी जागा मिळाली. ख-चं साम्य अर्थातच १, कारण तुकडे प्रत्येक शब्दाच्या आतच काढले असल्याने क्रमाचा प्रश्न येत नाही. यासाठी व्याकरण शिकवावं लागलं नाही की शब्दांची मूळ रूपं शोधणारी प्रणाली आणावी लागली नाही.

शब्द बदलले, बातमी तीच

च मात्र अजून हाती लागलेलं नाही. 'यंदाचा पहिला देवगड आंबा दाखल' यातून १४ तुकडे निघतात. क-शी जुळतात फक्त पाच, ते 'देवगड'चे आणि 'पहिला'च्या सुरुवातीचे. एकूण २८, साम्य ०.१८. हे ग-पेक्षाही कमी आहे. 'हापूस'च्या जागी 'आंबा', 'आली'च्या जागी 'दाखल', आणि तुकड्यांचा माग संपला.

अशा वेळी वाक्याच्या अर्थाचं माप लागतं. मोठ्या मजकुरावर घडवलेली भाषेची प्रारूपं प्रत्येक वाक्याला आकड्यांची एक लांब ओळ देतात. सारख्या अर्थाची वाक्यं त्या आकड्यांच्या अवकाशात जवळ पडतात, मग शब्द वेगळे असले तरी चालतं. मराठीसाठी हे काम झालेलं आहे. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने वाक्यांचं साम्य मोजण्यासाठी 'महाएसबर्ट' हे प्रारूप खुलं केलं आहे. गूगलचं 'लाबसे' शंभराहून अधिक भाषा हाताळतं आणि त्यांत मराठी आहे. हजार कॅप्शनांसाठी ही प्रारूपं साध्या संगणकावरही चालवता येतात.

पण अर्थाच्या मापाची चूक उलट्या दिशेची असते. 'पहिली पेटी आली' आणि 'शेवटची पेटी आली' ही वाक्यं त्याला फार जवळची वाटतात, कारण दोन्ही एकाच प्रसंगाबद्दल बोलतात. आंबा घेणाऱ्यासाठी मात्र त्यांत सबंध हंगामाचं अंतर आहे. देवगड की रत्नागिरी, आज की उद्या, हजार रुपये डझन की आठशे, हे फरकही त्याला किरकोळ वाटू शकतात. म्हणून दोन मापं एकमेकांच्या आधाराने वापरावीत. तुकड्यांचं साम्य जास्त असेल तर पोस्ट थांबवायला तेवढं पुरेसं आहे. तुकडे जुळत नसताना फक्त अर्थ जवळचा निघाला तर निर्णय माणसाकडे द्यावा, आणि त्याला दोन्ही कॅप्शनांतली नावं, तारखा आणि आकडे शेजारी-शेजारी दाखवावेत.

आकड्यांचा सर्वांत कठीण प्रश्न भावाच्या पोस्टमध्ये येतो. 'आजचा भाव : देवगड, डझनाला १००० रुपये' आणि दुसऱ्या दिवशीचं तेच वाक्य, फक्त १०००च्या जागी ९००. कोणतंही माप त्यांना जवळपास एकच म्हणणार. वाचक मात्र त्या एका आकड्यासाठीच पान उघडतो. इथे हुशार गणित शोधत बसू नये. भाव, वेळापत्रक, शेवटची तारीख अशा पोस्टना लिहितानाच वेगळी खूण करावी. त्यांच्यापुरता प्रश्न एवढाच ठेवावा की आकडा किंवा तारीख बदलली आहे का. बदलली असेल तर जाऊ द्यावी.

कट-ऑफ कागदावर ठरत नाही

आपल्या उदाहरणात घ ०.५४वर आणि ग ०.२१वर आहे, म्हणून ०.४च्या आसपास कट-ऑफ ठेवावासा वाटेल. पाच कॅप्शनांवरून असं ठरवू नये. प्रत्येक पानाची भाषा वेगळी असते. कवितेसारखं लिहिणाऱ्या पानावर ०.३ हेसुद्धा मोठं साम्य असू शकतं आणि ठरावीक साच्यात लिहिणाऱ्या पानावर ०.५ हीसुद्धा रोजची गोष्ट असू शकते.

खरी रीत अशी. जुन्या नोंदीतल्या हजार कॅप्शनांच्या सगळ्या जोड्या लावल्या तर त्या ४,९९,५०० होतात. संगणक त्या सगळ्यांचं साम्य काढू शकतो. त्यांतून ०.२ ते ०.३, ०.३ ते ०.४ अशा प्रत्येक पट्ट्यातून वीसेक जोड्या उचलायच्या. पान चालवणाऱ्या दोघांनी त्या एकमेकांचं न बघता वाचायच्या आणि 'तीच' किंवा 'वेगळी' अशी खूण करायची. जिथे दोघांचं एकमत होत नाही त्या जोड्या नीट पाहाव्यात, कारण पुनरुक्ती म्हणजे काय याबद्दल त्या दोघांच्या मनात काय फरक आहे तो तिथे उघड होतो. खुणा झाल्या की दिसतं की कोणत्या पट्ट्यापासून वर जवळजवळ सगळ्या जोड्या 'तीच' आहेत आणि कोणत्या पट्ट्याखाली जवळजवळ एकही नाही.

मग कट-ऑफ एक न ठेवता दोन ठेवावेत. वरच्या रेषेपलीकडची पोस्ट आपोआप थांबते. खालच्या रेषेखालची पोस्ट विनाअडथळा जाते. मधल्या पट्ट्यातली माणसाला दाखवली जाते. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. एक जुळी पोस्ट सुटली तर वाचक थोडा कंटाळेल, पण 'उद्या शेवटची गाडी' ही पोस्ट चुकून अडकली तर आंबे दुकानात पडून राहतील. म्हणून आपोआप थांबवण्याची रेषा बरीच वर असावी.

रांगेत काय करायचं

एवढं करूनही जुळ्या पोस्ट सुटत असतील तर दोष बहुधा मापात नसतो. तुलना कशाशी केली यात तो असतो. नवं कॅप्शन फक्त प्रकाशित झालेल्या पोस्टशी ताडलं तर रविवारी एकाच बैठकीत लिहिलेली क आणि ख दोन्ही आत शिरतात, कारण दोघांपैकी एकही अजून प्रकाशित झालेलं नसतं. म्हणून तुलना जुन्या नोंदीशीही हवी आणि रांगेत उभ्या असलेल्या पोस्टशीही. रांगेतलं कॅप्शन कुणी दुरुस्त केलं तर तपासणी पुन्हा व्हायला हवी. फक्त आदल्या पोस्टशी तुलना करणंही पुरत नाही. दर वेळी दोन-दोन शब्द बदलत गेलं तर तीच चार कॅप्शनं आळीपाळीने फिरत राहतात आणि आदल्या पोस्टशी तुलना करणाऱ्याला ते कधीच कळत नाही.

काळही हिशोबात घ्यावा. 'पहिली पेटी आली' हे पुढच्या वर्षी पुन्हा म्हणणं ही पुनरुक्ती नाही. ती नव्या हंगामाची बातमी आहे. आंब्याचा हंगाम साधारण मार्च ते मे असतो, त्यामुळे या विक्रेत्याने मागच्या दोन महिन्यांशी तुलना केली तरी पुरे. पुस्तकांच्या दुकानाला कदाचित सहा महिने मागे जावं लागेल. किती दिवसांनी तेच वाक्य पुन्हा चालेल हे यंत्राला ठाऊक नसतं, पान चालवणाऱ्याला असतं.

साम्य सापडलं की पोस्ट पुसून टाकू नये. ती रांगेतून बाजूला काढावी आणि लिहिणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्यात : जुनं कॅप्शन, ते कोणत्या तारखेला गेलं आणि दोघांत जुळलेले शब्द. मग त्याने ठरवावं की पोस्ट पुढे ढकलायची, नव्याने लिहायची की मुद्दाम पुन्हा पाठवायची. मुद्दाम पाठवण्याची सोय ठेवावीच लागते, कारण काही गोष्टी दोनदा सांगायच्याच असतात.

त्या तिसऱ्या पर्यायाची नोंद महिन्यातून एकदा काढून वाचावी. अडवलेल्या पोस्टपैकी बहुतेक पोस्ट 'जाऊ द्या' म्हणून सोडल्या जात असतील तर कट-ऑफ खाली आहे किंवा एखादी नवी शेपटी वगळायची राहिली आहे. जवळजवळ काहीच अडत नसेल आणि तरी पानावर एकाखाली एक सारखी वाक्यं दिसत असतील तर महिन्याभरात गेलेल्या सगळ्या जोड्या पुन्हा ताडून पाहाव्यात. सुटलेल्या जोड्या च-सारख्या, शब्द बदलून आलेल्या असतील तर अर्थाचं माप जोडण्याची वेळ आली आहे. त्या घ-सारख्या असतील तर कुणीतरी अजून शब्दच मोजत बसलं आहे.